गूगल मॅप्सवरील बदनामीकारक रिव्ह्यूची तक्रार: पुरावा, मजकूर आणि अर्जांचा क्रम

ठाणे-नवी मुंबईतील एसी दुरुस्ती, ब्युटी पार्लर, पोळी-भाजी केंद्र किंवा शिकवणी अशा छोट्या व्यवसायांविषयी गूगल मॅप्सवर कोणी खोटा आरोप लिहिला, की मालक रागाच्या भरात तक्रार करतो आणि काही दिवसांनी ‘धोरणाचा भंग आढळला नाही’ असे उत्तर मिळाल्यावर हताश होतो. बहुतेक वेळा तक्रार खोटी असते म्हणून ती फेटाळली जात नाही. ती चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देत असते. मालक सांगत असतो की, ‘हे खरे नाही.’ प्लॅटफॉर्म मात्र एवढेच पाहत असतो की, हा मजकूर आपल्या लिखित धोरणात बसतो की नाही. ग्राहक आणि दुकानदार यांच्यातील वस्तुस्थितीच्या वादात आपण निवाडा करत नाही, अशी गूगलची जाहीर भूमिका आहे. म्हणून धोरणभंगाची तक्रार आणि बदनामीची कायदेशीर तक्रार हे दोन वेगळे मार्ग आहेत, हे आधी मनात पक्के करावे. पुरावा दोन्हीकडे तोच वापरता येतो, पण मांडणी वेगळी करावी लागते.

हा सारा क्रम समजावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत सोबत घेऊ. कोपरखैरण्यात एसी दुरुस्तीचे एक छोटे दुकान आहे. मालक स्वतः काम करतात आणि हाताखाली दोन टेक्निशियन आहेत. १९ मे रोजी त्यांच्या पानावर एक तारा देऊन पुढील रिव्ह्यू येतो:

> “अतिशय वाईट सेवा. माणूस दोन तास उशिरा आला आणि दरही जास्त लावले. १४ मे रोजी माझ्या एसीत जुना पीसीबी नवा सांगून बसवला आणि साडेसहा हजार लुटले. यांचा टेक्निशियन घरातून सोन्याची चेन घेऊन गेला. सगळे चोर आहेत. त्याचा नंबर देतो आहे, फोन करून जाब विचारा.”

शेवटी टेक्निशियनचे नाव आणि त्याचा खासगी मोबाइल क्रमांक दिलेला आहे. पीसीबी म्हणजे एसीच्या आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड.

आधी रिव्ह्यूची वाक्ये वेगळी करावीत

संपूर्ण रिव्ह्यूला एकदम ‘बदनामीकारक’ म्हणणे ही तक्रारीतील सर्वांत मोठी कमजोरी ठरते, कारण वाचणाऱ्याला त्यातील पहिलेच वाक्य साध्या नाराजीचे दिसते आणि तो तिथेच मत बनवतो. एका कोऱ्या कागदावर प्रत्येक वाक्य स्वतंत्र ओळीवर उतरवावे आणि त्यासमोर तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. हे मत आहे की पडताळता येणारे विधान आहे? विधान असेल, तर ते खोटे असल्याचे दाखवणारा कोणता कागद माझ्याकडे आहे? आणि हे वाक्य प्लॅटफॉर्मच्या कोणत्या धोरणात येते?

आपल्या उदाहरणात ‘अतिशय वाईट सेवा’ आणि ‘दर जास्त लावले’ ही मते आहेत. ती कितीही बोचली तरी त्यांच्याविरुद्ध तक्रार होऊ शकत नाही आणि तक्रारीत त्यांचा उल्लेखही करू नये. ‘दोन तास उशिरा आला’ हे विधान आहे, पण ते खरे असण्याची शक्यता आहे. प्रत्येक कामाची नोंद असलेल्या जॉब कार्डवर ठरलेली वेळ आणि पोहोचण्याची वेळ तपासावी, आणि उशीर झालेला असेल तर तो मान्य करण्याची तयारी ठेवावी. ‘जुना पीसीबी नवा सांगून बसवला’ हे पूर्णपणे पडताळता येणारे विधान आहे आणि कागदोपत्री सर्वांत सहज खोडता येणारेही तेच आहे. ‘लुटले’ आणि ‘सगळे चोर आहेत’ हे शब्द संतापाचे आहेत. सुटे पाहिले तर त्यांना शिवीगाळ म्हणता येईल, पण चेन चोरल्याच्या आरोपाला लागून आल्यामुळे त्यांचा अर्थ बदलतो. एका नाव घेतलेल्या माणसावर गुन्ह्याचा आरोप करणे ही गंभीर बाब आहे. आणि अखेरचे वाक्य, ज्यात खासगी क्रमांक देऊन लोकांना फोन करायला सांगितले आहे, ते खरे-खोटे न तपासताही धोरणभंगात मोडते.

मालकाच्या मनाला सर्वांत जास्त चोरीचा आरोप लागतो आणि तक्रारीतही तोच पहिला लिहावासा वाटतो. धोरणभंगाच्या तक्रारीत मात्र पहिला मान मोबाइल क्रमांकाच्या वाक्याला द्यायचा आहे, कारण तिथे तपासणाऱ्याला कोणावर विश्वास ठेवायचा हे ठरवावे लागत नाही. क्रमांक तिथे दिसतो किंवा दिसत नाही. हा क्रमांक दुकानाच्या पाटीवरचा किंवा जाहिरातीतला असता, तर हा आधार उरला नसता. म्हणून तो खरोखर खासगी आहे ना, एवढे आधी पाहून घ्यावे.

याच कागदावर एक कठोर प्रश्न स्वतःला विचारणे आवश्यक आहे: आरोपात तथ्य आहे का? पीसीबी खरोखरच दुरुस्त केलेला बसवला गेला असेल आणि बिलावर तसे लिहिलेले नसेल, तर ती तक्रार करू नये. ग्राहकाला फोन करून चूक दुरुस्त करावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीच्या गुन्ह्याला अपवाद दिलेले आहेत आणि लोकहितासाठी केलेले सत्य कथन हा त्यातील पहिलाच अपवाद आहे.

तक्रार करण्याआधी पुरावा गोठवून ठेवावा

रिव्ह्यू लिहिणारा तो कधीही बदलू शकतो किंवा काढू शकतो. तक्रार झाल्याचे कळल्यावर काही जण सर्वांत गंभीर वाक्य गाळून उरलेले ठेवतात. म्हणून तक्रारीचे बटण दाबण्याच्या आधी, आणि कोणतेही उत्तर लिहिण्याच्या आधी, मूळ मजकूर सुरक्षित करावा.

स्क्रीनशॉट घेताना ‘अधिक वाचा’ उघडून संपूर्ण मजकूर, लिहिणाऱ्याचे दिसणारे नाव, तारे आणि दुकानाचे नाव एकाच चित्रात येतील असे पाहावे. शक्य असल्यास संगणकावरून घ्यावा, कारण तिथे वरच्या पट्टीतील पत्ता आणि कोपऱ्यातील तारीख-वेळ दोन्ही दिसतात. दुकानाच्या खात्यातून लॉग-इन केलेला एक आणि लॉग-इन न केलेल्या दुसऱ्या फोनवरचा एक, असे दोन घ्यावेत. दुसऱ्यामुळे हा मजकूर सर्वसामान्य लोकांना दिसत होता हे स्पष्ट होते. मूळ चित्रावर लाल गोल काढू नयेत, ते कापू नये आणि केवळ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मूळ फाइल पुसूनही टाकू नये. खुणा करायच्या असतील तर प्रतीवर कराव्यात.

गूगल मॅप्स रिव्ह्यूवर नेमकी तारीख दाखवत नाही. ‘२ आठवड्यांपूर्वी’ असे काहीतरी दाखवते आणि ते रोज बदलत राहते. नेमक्या तारखेसाठी नवीन रिव्ह्यू आल्यावर गूगलकडून मालकाच्या मेलवर येणारी सूचना फार उपयोगी पडते. त्या मेलमध्ये तारीख असते आणि मजकूरही असतो, त्यामुळे रिव्ह्यू नंतर बदलला गेला तरी मूळ शब्द तुमच्या हाती राहतात. ही सूचना ‘जाहिरात’ समजून पुसून टाकण्याची सवय अनेकांना असते. निदान एक तारा मिळालेल्या रिव्ह्यूचे मेल तरी जपून ठेवावेत.

यानंतर रिव्ह्यूच्या तीन टिंबांच्या मेनूतून त्याची स्वतंत्र लिंक कॉपी करावी आणि लिहिणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून त्याच्या सार्वजनिक प्रोफाइलची लिंकही घ्यावी. कायदेशीर अर्जात दुकानाच्या पानाची लिंक पुरत नाही. त्या एका रिव्ह्यूची लिंक लागते. प्रोफाइल पाहताना त्याने एकाच दिवशी ठाणे, पुणे आणि नागपूर येथील एकाच धंद्याच्या दुकानांना एक तारा दिला आहे का, किंवा शेजारच्या स्पर्धक दुकानाला पाच तारे आणि तुम्हाला एक तारा दिला आहे का, हे नोंदवावे. यावरून काही सिद्ध होत नाही, पण बनावट प्रतिक्रियेचा आधार घ्यायचा झाल्यास ही निरीक्षणे उपयोगी पडतात.

आता दुकानातील कागद. आपल्या मालकांनी १४ मेच्या नोंदी काढल्या, तेव्हा सेक्टरमधल्या एका सोसायटीतील जॉब कार्ड क्रमांक ११२७ सापडले. त्यावर ठरलेली वेळ दुपारी २ आणि पोहोचण्याची वेळ ३:५० आहे, म्हणजे उशिराची तक्रार खरी आहे. बसवलेल्या पीसीबीचा अनुक्रमांक कार्डावर लिहिलेला आहे. वितरकाकडून ११ मे रोजी आलेल्या खरेदीच्या बिलावरही तोच अनुक्रमांक आहे. ग्राहकाला दिलेल्या बिलात ‘नवीन पीसीबी, ६,५०० रुपये’ अशी नोंद असून जॉब कार्डवर काम झाल्यावर ग्राहकाची सही आहे. जुना पीसीबी ग्राहकाने परत ठेवून घेतला, असा शेरा आहे. १५ मे रोजी ग्राहकाचा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला संदेश आहे: ‘एसी व्यवस्थित चालू आहे.’ पीसीबीच्या आरोपासाठी एवढे कागद भरपूर आहेत, आणि त्यात सर्वांत वजनदार गोष्ट म्हणजे दोन वेगळ्या पक्षांच्या कागदांवर जुळणारा अनुक्रमांक. सुटा भाग बसवताना त्याचा क्रमांक जॉब कार्डावर न लिहिणाऱ्या दुकानाला हा बचाव कधीच मिळत नाही.

चोरीच्या आरोपाचे तसे नाही. सोसायटीच्या गेटवरील नोंदीत टेक्निशियनची येण्या-जाण्याची वेळ मिळेल, पण त्यावरून घरात काय घडले हे कळत नाही. मालक तिथे नव्हते. म्हणून ‘आमच्या माणसाने चोरी केलेली नाही’ असे त्यांनी छातीठोकपणे लिहू नये. जे त्यांना माहीत आहे तेवढेच लिहावे. म्हणजे, १४ ते १९ मे या काळात चेन हरवल्याचे ग्राहकाने दुकानाला फोन, संदेश किंवा भेटीतून कधीही कळवले नाही. १५ मेच्या संदेशात त्याचा उल्लेख नाही. आणि आजपर्यंत पोलिसांकडून यासंबंधी कोणतीही विचारणा झालेली नाही. स्वतः न पाहिलेल्या गोष्टीची ग्वाही दिली, की उद्या एखादा तपशील चुकीचा निघाल्यावर पीसीबीबद्दलच्या खऱ्या कागदांवरचा विश्वासही उडतो. टेक्निशियनचा स्वतःचा जबाब त्याच्याच सहीने वेगळा लिहून घ्यावा.

प्रकरण न्यायालयापर्यंत जाऊ शकते असे वाटत असेल, तर स्क्रीनशॉट ज्या फोनवर किंवा संगणकावर घेतला तो विकू नये, फॉरमॅट करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा एक भाग ती नोंद सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळखक्रमांक, नोंदवायचे असते. हे काम वकील करून घेतील. मूळ फाइल आणि मूळ उपकरण जपणे एवढे मात्र आपल्या हातात आहे.

पहिला मार्ग: धोरणभंगाची तक्रार

ज्या गूगल खात्यातून दुकानाचे प्रोफाइल चालवले जाते त्या खात्याने लॉग-इन करून दुकानाचे नाव शोधावे, `Read reviews` उघडावे, संबंधित रिव्ह्यूशेजारच्या तीन टिंबांवर जाऊन `Report review` निवडावे. फोनची भाषा मराठी असेल तर हीच नावे मराठीत दिसतील. पुढे कारणांची यादी येते. त्यात ‘बदनामी’ असे कारण नसते, आणि इथेच अनेक जण गोंधळून हाताला येईल ते कारण निवडतात. आपल्या उदाहरणात `Personal information` हे योग्य कारण आहे. केवळ शिवीगाळ किंवा धमकी असती तर `Bullying or harassment` निवडले असते. लिहिणारा स्पर्धक किंवा कामावरून काढलेला माणूस असल्याचे दाखवता येत असेल, तरच `Conflict of interest` निवडावे. नुसत्या संशयावर ते निवडू नये.

या टप्प्यावर पुरावा जोडायला जागा नसते, म्हणून कारण अचूक निवडणे हेच सारे काही असते. मित्र-नातेवाईकांना सांगून त्याच रिव्ह्यूच्या पन्नास तक्रारी करवून घेऊ नयेत. निर्णय मजकुरावर होतो, हातांच्या संख्येवर नाही. याहून घातक म्हणजे घरच्यांकडून पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू लिहवून घेणे: ते स्वतःच बनावट प्रतिक्रिया ठरतात आणि तुमच्याच पानावर कारवाई होऊ शकते.

निर्णयाला काही दिवस लागतात. गूगलच्या मदत-पानांवर रिव्ह्यू व्यवस्थापनाचे एक साधन आहे. त्यात व्यवसाय निवडल्यावर केलेल्या तक्रारींची स्थिती दिसते. `Decision pending` म्हणजे निर्णय बाकी आहे. `Report reviewed - no policy violation` म्हणजे भंग आढळला नाही. दुसरे उत्तर आले तर तिथूनच अपील करता येते, पण ते एकदाच. त्यामुळे उत्तर आल्या क्षणी घाईने अपील करू नये. मजकूर तयार करावा, एक रात्र जाऊ द्यावी, शक्यतो धंद्याशी संबंध नसलेल्या माणसाला वाचायला द्यावा आणि मग पाठवावा.

अपिलाचा मजकूर छोटा हवा. रागाने लिहिलेले अपील साधारण असे असते: ‘हा माणूस खोटारडा आहे, आम्ही १२ वर्षे प्रामाणिकपणे धंदा करतो, आमची प्रचंड बदनामी झाली आहे, ताबडतोब काढा नाहीतर कोर्टात खेचू.’ यातील प्रत्येक गोष्ट खरी असली तरी तपासणाऱ्याला निर्णय घ्यायला उपयोगी पडेल असे एकही वाक्य त्यात नाही. त्याऐवजी असे लिहावे:

> “१९ मे रोजीच्या या रिव्ह्यूच्या शेवटच्या वाक्यात आमच्या एका कर्मचाऱ्याचे नाव आणि त्याचा खासगी मोबाइल क्रमांक प्रसिद्ध करून वाचकांना त्याला फोन करण्यास सांगितले आहे. हा क्रमांक आमच्या व्यवसायाचा नाही आणि आम्ही तो कोठेही जाहीर केलेला नाही. हे वैयक्तिक माहितीविषयीच्या धोरणाचे उल्लंघन आहे. त्याच रिव्ह्यूत या कर्मचाऱ्यावर चोरीचा आरोप करून लोकांना त्याच्याकडे जाब मागण्यास प्रवृत्त केले आहे, हे छळाविषयीच्या धोरणात येते. सेवेतील उशीर आणि दर यांविषयीच्या ग्राहकाच्या मतांबद्दल आमची तक्रार नाही.”

शेवटचे वाक्य अनेकांना अनावश्यक वाटते. ते मुद्दाम ठेवावे, कारण त्यामुळे हा मालक टीका दडपायला आलेला नाही हे तपासणाऱ्याला कळते. पीसीबीच्या बिलांचा इथे उल्लेखही केलेला नाही याकडेही लक्ष द्यावे. तो वाद सुरू केला की हे प्रकरण ‘व्यवहारातील मतभेद’ या खणात जाऊन पडते. रिव्ह्यू मराठीत असेल तर आक्षेपार्ह वाक्य मूळ शब्दांत द्यावे आणि खाली त्याचा इंग्रजी अर्थ लिहावा; तपासणाऱ्याला मराठी येत असेलच असे धरून चालू नये.

एक मर्यादा लक्षात असू द्यावी. प्लॅटफॉर्म रिव्ह्यूतील एखादे वाक्य कापत नाही. संपूर्ण रिव्ह्यू काढतो किंवा संपूर्ण ठेवतो. काढला गेल्यावर तोच ग्राहक क्रमांक वगळून उरलेला मजकूर पुन्हा लिहू शकतो. तेव्हा पहिला मार्ग बंद होतो आणि पीसीबी व चोरीच्या आरोपांसाठी दुसऱ्या मार्गाकडे वळावे लागते.

रिव्ह्यूखालील जाहीर उत्तर

तक्रार प्रलंबित असताना नवीन गिऱ्हाईक तो रिव्ह्यू वाचतच असते, म्हणून उत्तर द्यावे. मात्र ते आरोप करणाऱ्याला नव्हे, तर वाचणाऱ्या तिसऱ्या माणसाला उद्देशून असावे. ग्राहकाचे खरे नाव, सोसायटी, फ्लॅट, फोन किंवा त्याच्याशी झालेल्या संभाषणाचा मजकूर त्यात देऊ नये. दुसऱ्याच्या खासगी माहितीची तक्रार करणाऱ्याने तीच चूक केली, तर तक्रारीचा पाया जातो. आपल्या मालकांचे उत्तर असे असू शकते:

> “नमस्कार. १४ मेच्या कामासाठी आमचा टेक्निशियन ठरलेल्या वेळेपेक्षा उशिरा पोहोचला, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. बसवलेला पीसीबी नवीन होता. त्याचा अनुक्रमांक तुमच्या जॉब कार्डवर आणि आमच्या खरेदीच्या बिलावर आहे आणि दुकानात येऊन तो पडताळता येईल. वस्तू हरवल्याबद्दल आम्हाला यापूर्वी कळवण्यात आले नव्हते. तशी तक्रार असल्यास आपण पोलिसांकडे नोंदवावी, आम्ही चौकशीत पूर्ण सहकार्य करू.”

उत्तरात ‘हा रिव्ह्यू खोटा आहे’ असे म्हटलेले नाही, धमकी नाही, आणि रिव्ह्यू काढल्यास पैसे परत देऊ असेही नाही. पैसे किंवा सवलत देऊन रिव्ह्यू बदलून घेणे गूगलच्या धोरणाला धरून नाही. शिवाय पुढे ते चुकीची कबुली म्हणून दाखवले जाऊ शकते. ग्राहकाला शांतपणे एक फोन करणे मात्र नेहमीच योग्य असते. जॉब कार्डवरचा क्रमांक दाखवल्यावर कित्येकदा माणूस स्वतःच मजकूर सुधारतो. फोननंतर ‘आज आपले बोलणे झाले, त्यात हे ठरले’ असा साधा संदेश पाठवून नोंद करून ठेवावी.

दुसरा मार्ग: कायदेशीर विनंती

गूगलच्या ‘कायदेशीर कारणास्तव मजकूर काढण्याची विनंती’ या स्वतंत्र फॉर्ममध्ये बदनामीचे कारण निवडता येते. तिथे देश, रिव्ह्यूची नेमकी लिंक, आक्षेपार्ह शब्द जसेच्या तसे आणि ते खोटे का आहेत याचे स्पष्टीकरण मागितले जाते. पीसीबीची सर्व कागदपत्रे इथे कामाला येतात. प्रत्येक विधानासाठी तीन ओळी पुरेत: रिव्ह्यूतील वाक्य, वस्तुस्थिती, आणि ती दाखवणारा कागद.

> “विधान: ‘जुना पीसीबी नवा सांगून बसवला.’ वस्तुस्थिती: बसवलेला पीसीबी ११ मे रोजी अधिकृत वितरकाकडून नवीन खरेदी केलेला होता. आधार: वितरकाचे बिल आणि ग्राहकाची सही असलेले जॉब कार्ड क्र. ११२७, दोन्हींवर एकच अनुक्रमांक आहे.”

चोरीच्या आरोपासाठीही हाच साचा वापरावा, फक्त वस्तुस्थितीच्या ओळीत वर ठरवल्याप्रमाणे माहीत असलेले तेवढेच लिहावे. चोरीचा आरोप ज्याच्यावर आहे तो टेक्निशियन स्वतंत्र बाधित व्यक्ती आहे, त्यामुळे त्याने स्वतःच्या नावाने वेगळी विनंती केलेली चांगली. ग्राहकाचा फोन आणि पत्ता असलेली बिले जोडताना ते तपशील झाकावेत. अशा विनंतीची प्रत मजकूर काढण्याच्या विनंत्या साठवणाऱ्या ‘ल्युमेन’ या सार्वजनिक संग्रहाकडे पाठवली जाऊ शकते, म्हणूनही अर्जात नको ते खासगी तपशील लिहू नयेत.

या मार्गाची मर्यादा स्पष्टपणे सांगायला हवी. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चा अर्थ लावताना म्हटले, की मध्यस्थाला, म्हणजे गूगलसारख्या प्लॅटफॉर्मला, मजकुराची ‘प्रत्यक्ष माहिती’ झाली असे धरायचे ते न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना मिळाल्यावर. म्हणून तुमच्या अर्जावर मजकूर काढण्याचे बंधन प्लॅटफॉर्मवर येत नाही आणि ‘न्यायालयाचा आदेश आणा’ असे उत्तर येण्याची तयारी ठेवावी.

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्लॅटफॉर्मने भारतासाठी तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचा संपर्क प्रसिद्ध करावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. या अधिकाऱ्याकडे लिहिताना एक बारकावा उपयोगी पडतो. नियम ३(१)(ख) मधील निषिद्ध मजकुराच्या यादीतून ‘बदनामीकारक’ हा शब्द ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने वगळला गेला. दुसऱ्याच्या खासगीपणावर आक्रमण करणारा मजकूर आणि जाणूनबुजून पसरवलेली उघडपणे खोटी माहिती या बाबी मात्र यादीत आहेत. त्यामुळे अर्जात केवळ ‘बदनामी’ या शब्दावर विसंबू नये. मोबाइल क्रमांक प्रसिद्ध करणे हा खासगीपणाचा भंग आणि पीसीबीविषयीचे विधान कागदोपत्री खोटे, अशी मांडणी करावी. अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही किंवा मुदतीत उत्तर आले नाही, तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे `gac.gov.in` वर ऑनलाइन अपील करता येते. म्हणून पोच, तक्रार क्रमांक आणि उत्तराची तारीख यांची नोंद पहिल्या दिवसापासून एका वहीत ठेवावी.

न्यायालयाचा विचार कधी करावा

अब्रुनुकसानीच्या भरपाईचा दिवाणी दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून १ वर्षाच्या आत करावा लागतो, असे मुदत कायदा, १९६३ सांगतो. प्लॅटफॉर्मच्या उत्तरांची वाट पाहत हे वर्ष निघून जाते आणि मग वकिलाकडे गेल्यावर ते सांगतात की आता दावा लागणार नाही. आपल्या उदाहरणात १९ मे ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहावी आणि धोरणभंगाचे अपील व कायदेशीर विनंती दोन्ही फसली, तर सहा महिन्यांच्या आत ठाणे किंवा बेलापूर न्यायालयात काम करणाऱ्या, दिवाणी प्रकरणे चालवणाऱ्या वकिलाला फाइल दाखवावी.

फौजदारी बाजूने बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात जाऊन लगेच एफआयआर व्हावा ही अपेक्षा त्यामुळे पूर्ण होत नाही. बाधित व्यक्तीने दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल करायची असते. मात्र रिव्ह्यू काढण्यासाठी कोणी पैसे मागत असेल, तर ते प्रकरण बदनामीपुरते राहत नाही. तिथे संदेश न पुसता, पैसे न देता, आधी `cybercrime.gov.in` वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी आणि तिची प्रत प्लॅटफॉर्मकडील अर्जाला जोडावी.

टेक्निशियनला अनोळखी लोकांचे फोन येऊ लागले असतील, तर त्या फोनचे क्रमांक, तारखा आणि वेळा त्याने स्वतः लिहून ठेवाव्यात व कॉल-लॉगचे स्क्रीनशॉट घ्यावेत. छळाचा मुद्दा मांडताना ‘फार फोन येतात’ या वाक्यापेक्षा ही यादी जास्त बोलते आणि वकिलाला नोटीस लिहिताना याच यादीपासून सुरुवात करता येते.